एक्लिप्स की सेव्हरेबिलिटी? तक्ता खटल्यांवरून भरा

संविधानाच्या पेपरच्या उत्तरपत्रिका तपासताना एका प्रकारचे उत्तर मला वर्षानुवर्षे भेटत आले आहे. एक्लिप्सची व्याख्या बिनचूक, सेव्हरेबिलिटीचीही बिनचूक. पण प्रश्नात दिलेल्या कायद्याला यातले काय लावायचे, तिथे गाडी अडते. अशा मुलांकडून मी त्यांचे उजळणीचे तक्ते मागून घेतले. बहुतेकांत रकाने तीनच: सिद्धांत, अर्थ, खटला. अर्थाच्या रकान्यात दोन्हीकडे जवळपास एकच वाक्य, की मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढाच कायदा निष्प्रभ. हे कलम १३ मधूनच आलेले असल्यामुळे ते दोन्ही सिद्धांतांना लागू पडते, आणि नेमके त्यामुळेच दोघांना वेगळे करायला कुचकामी ठरते.

म्हणून मी आता सांगते, ओळ सिद्धांताची करू नका, खटल्याची करा. रकान्यांत व्याख्या नकोत, निकाल वाचताना विचारायचे प्रश्न हवेत.

| खटला | कायदा कधीचा? | दोष कुठे? | पुढे काय झाले? |
|---|---|---|---|
| बलसारा (१९५१) | संविधानापूर्वीचा | काही तरतुदींत | तेवढ्या गेल्या, बाकी कायदा टिकला |
| चमारबागवाला (१९५७) | संविधानानंतरचा | कौशल्याच्या स्पर्धांना लावण्यात | जुगारी स्पर्धांपुरता टिकला |
| भिकाजी नारायण (१९५५) | संविधानापूर्वीचा | सरकारी मक्तेदारीच्या तरतुदीत | घटनादुरुस्तीनंतर पुन्हा लागू |
| दीपचंद (१९५९) | संविधानानंतरचा | मूलभूत हक्काशी विरोध | एक्लिप्स नाकारले |

आता दुसरा रकाना वरून खाली वाचा. सेव्हरेबिलिटीच्या पहिल्या दोन खटल्यांत एक कायदा आधीचा, एक नंतरचा; म्हणजे तारखेने तिथे काही ठरत नाही. तिथला प्रश्न एवढाच, की सदोष भाग वगळल्यावर उरलेला कायदा स्वतःच्या पायावर उभा राहतो का आणि विधिमंडळाने तो तसाच केला असता का. बलसारामध्ये मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी वगळली, तरी दारूबंदी शाबूत राहिली. एक्लिप्समध्ये मात्र तारीखच निर्णायक आहे. २६ जानेवारी १९५० पूर्वीचा कायदा जन्मतः वैध होता, म्हणून तो झाकोळतो, मरत नाही. नंतरचा विसंगत कायदा दीपचंदमधल्या बहुमतानुसार जन्मतःच मृत. जे जन्मलेच नाही त्यावर ग्रहण कसले?

भिकाजी नारायण आणि दीपचंद यांची गल्लत सर्वाधिक होते, कारण दोन्हींत बसवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण आहे. तथ्ये लक्षात राहतात, तारीख निसटते. भिकाजीत मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा दुरुस्ती कायदा होता, दीपचंदमध्ये उत्तर प्रदेशचा १९५५ चा. तारखेचा रकाना ठळक करा.

तक्ता चालतो का, हे एका काल्पनिक प्रश्नावर पाहा. १९४८ चा प्रांतिक कायदा. कलम ४ एका व्यापाराची मक्तेदारी सरकारला देते, कलम ७ गोदामांच्या स्वच्छतेचे नियम घालते. तीन नागरिकांनी कलम ४ मोडले: पहिल्याने १९४९ मध्ये, दुसऱ्याने नोव्हेंबर १९५० मध्ये, तिसऱ्याने डिसेंबर १९५१ मध्ये.

पहिल्यावरचा खटला संविधान आल्यानंतरही चालू राहतो. केशवन माधव मेनन (१९५१) प्रमाणे कलम १३(१) मागे जाऊन परिणाम करत नाही. दुसऱ्याविरुद्ध कलम ४ वापरता येत नाही, कारण ते १९(१)(छ) शी विसंगत आहे. पण त्याने गोदाम घाणेरडे ठेवले असेल तर कलम ७ लागू आहे, कारण मक्तेदारी वगळली तरी स्वच्छतेचे नियम स्वतंत्रपणे चालतात. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही सिद्धांत लागतात, हे इथे दिसते: आजचा प्रश्न सेव्हरेबिलिटी सोडवते, उद्याचा एक्लिप्स. तिसरा मात्र अडकतो. १८ जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १९(६) मध्ये सरकारी मक्तेदारीला वाट दिली आणि कलम ४ पुन्हा कायदा न करताच जागे झाले. आता कायद्याची तारीख १९४८ ऐवजी ऑगस्ट १९५० करा. दीपचंदप्रमाणे तिसरा सुटतो. सरकारला कलम ४ नव्याने संमत करावे लागेल.

एक ओळ तक्त्याखाली वेगळी लिहा, चौकटीत कोंबू नका: अंबिका मिल्स (१९७४). तिथे कायदा संविधानानंतरचा होता, तरी न्यायालयाने तो सर्वांसाठी मृत मानला नाही. हक्क फक्त नागरिकांना असेल तर त्यांच्यापुरताच कायदा शून्य, आणि कंपनी नागरिक नसल्याने तिला तो आक्षेप घेता आला नाही. प्रश्नात कंपनी किंवा परदेशी माणूस दिसला, की आधी ही ओळ वाचा, मग वरचा तक्ता.