कूस

जिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरुग्ण कक्षात त्या दिवशी दुपारी तीन वाजता एक छोटासा निरोपसमारंभ होता. कक्षाच्या परिसेविका, म्हणजे त्या कक्षातील सर्व परिचारिकांच्या प्रमुख, वयाची ५८ वर्षे पूर्ण करून सेवानिवृत्त होत होत्या. १९८९ साली त्या परिचारिका म्हणून शासकीय सेवेत दाखल झाल्या आणि २०२४ साली निवृत्त झाल्या. सकाळची पाळी दोन वाजता संपते आणि दुपारची सुरू होते. दोन्ही पाळ्यांतील माणसांना एकत्र येता यावे म्हणून ही वेळ ठरवली होती. कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात बाके मांडली होती. दारे मात्र उघडी ठेवली होती, कारण आत चौतीस रुग्ण होते आणि समारंभ आहे म्हणून कोणाचे दुखणे थांबत नाही.

वरिष्ठांची भाषणे झाली, शाल आणि श्रीफळ झाले. मग बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक कोरा छापील कागद होता. त्याच्यावर बारा चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीवर वेळ छापलेली होती : सहा, आठ, दहा, बारा. सर्वांनी तो ओळखला. रुग्णाची कूस बदलल्याची नोंद करण्याचा तो तक्ता होता.

"आभार मानायला उभी राहिले आहे," बाई म्हणाल्या, "पण 'सर्वांची मी ऋणी आहे' असे म्हणून मला खाली बसायचे नाही. कोणाची, कशासाठी ऋणी आहे, ते सांगते. माणसे पुष्कळ आहेत. म्हणून या कागदापुरतेच बोलेन."

व्हरांडा शांत झाला.

"आपण निरोगी माणसे रात्री झोपेत कितीतरी वेळा कूस बदलतो. एका अंगावर फार वेळ पडून राहिले, की हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्त पोहोचेनासे होते. तेथे कळ लागते आणि झोपेतच आपण वळतो. ज्याला ती कळ लागत नाही, किंवा लागूनही ज्याला वळता येत नाही, त्याची कातडी आणि खालचे मांस उपाशी पडते. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्यांची पाती या जागी ते आधी होते. पुष्कळदा नासाडी आत हाडाजवळ सुरू होते आणि कातडी शेवटी फुटते. शय्याव्रण डोळ्यांना दिसतो तेव्हा तो आत कधीच झालेला असतो. तुम्हां परिचारिकांना हे पाठ आहे. पण आज तुमची मुलेही येथे बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगितले.

"२०१६ च्या जूनमध्ये डोंगराकडच्या एका गावचे शेतकरी जांभळाच्या झाडावरून पडून आपल्याकडे आले. पाठीचा मणका मोडला होता आणि कमरेखालची संवेदना गेली होती. नऊ नंबरची खाट. अशा रुग्णाला नुसते हाताला धरून वळवता येत नाही. डोके, धड आणि पाय ओंडक्यासारखे एकाच वेळी, एका रेषेत फिरवावे लागतात. एकाने डोके धरून 'एक, दोन, तीन' म्हणायचे, दोघांनी धड आणि पाय सांभाळायचे आणि चौथ्याने पाठ पाहून उशी लावायची. दर दोन तासांनी चार माणसे! रात्री दोन वाजता आपल्या कक्षात चार माणसे असतात कोठे? शेजारच्या कक्षातील मामा आणि सिस्टर आपले काम थांबवून येत असत. आज ते येथे आहेत. त्यांना बोलावण्याचा कागद मी कधी पाठवला नाही. घड्याळ पाहून ते येत."

मागच्या बाकावरचे मामा आपल्या टोपीशी चाळा करू लागले.

"नवव्या दिवशी पहाटे पाठ पाहण्याचे काम आपल्या मावशींकडे होते. आपण परिचारिका काय पाहतो? लाली पाहतो. लाल जागेवर बोट दाबायचे. ती पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त वाहते आहे, आणि दाबूनही लालच राहिली तर इजा सुरू झाली आहे, असे समजायचे. पण हे आपण शिकलो ते गोऱ्या कातडीवरून. उन्हात राबलेल्या काळ्यासावळ्या पाठीवर लाली दिसतेच असे नाही. त्या पाठीवर आम्हां कोणालाच काही दिसले नाही. मावशींनी मात्र उशी लावता लावता माकडहाडावर हाताची उलटी बाजू ठेवली आणि म्हणाल्या, 'बाई, हितं ऊन लागतंय. आन् शेजारच्यापरीस घट्ट हाय.' मी हात लावला. खरेच होते. जागा कोमट होती आणि आजूबाजूच्या मांसाहून कठीण होती. त्या क्षणापासून आम्ही त्यांना पाठीवर टेकवले नाही. केवळ दोन कुशी, त्याही पूर्ण आडव्या नव्हे, तर उशीच्या आधाराने थोड्या तिरप्या, म्हणजे खुब्यावर सारा भार येत नाही. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी. तिसऱ्या दिवशी ती जागा पुन्हा मऊ झाली. मावशी, तुम्हाला हे कोणत्या पुस्तकाने शिकवले?"

मावशी पदराआड हसल्या. "पुस्तक कसलं, बाई! पोरांच्या कपाळाला आपन हात लावतोच की."

"त्या दिवसापासून या कक्षात पाठ डोळ्यांनी पाहतात आणि हातानेही पाहतात. ते मी सुरू केले असे वरच्या अहवालात लिहिले गेले आहे. ते चूक आहे. मावशींनी सुरू केले."

बाई थोडा वेळ थांबल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढचे बोलणे सोपे नव्हते, हे सर्वांच्या ध्यानात आले.

"आता दुसरे ऋण. मी या तक्त्यावर फार कडक आहे, अशी माझी ख्याती आहे. एक चौकट खोटी भरली म्हणून मी मुलींना रडवले आहे, हेही खरे. त्याचे कारण मी आजवर सांगितले नव्हते. १९९१ साली, दुसऱ्या एका रुग्णालयात, मी रात्रपाळीला एकटी होते. अपघाताचे तीन रुग्ण एकदम आले. मांडीचे हाड मोडलेल्या एका आजींची कूस दोन वाजता बदलायची राहिली, चारला राहिली. सहाच्या सुमारास मी दोन्ही चौकटी एकदम भरल्या : दोनला डावी, चारला उजवी. सकाळी तेथल्या परिसेविका आल्या. त्यांनी तक्ता वाचला, आजींना हलकेच वळवले आणि त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. चादरीच्या सुरकुत्या पाठीवर जशाच्या तशा उमटल्या होत्या. रात्रभर पाठीवर पडल्यावाचून त्या उमटत नाहीत. रुग्णांसमोर त्या मला काही बोलल्या नाहीत. बाजूला नेऊन माझ्या हाती पेन दिले आणि म्हणाल्या, 'खोटे खोडा. वाचता येईल असे, एका रेघेने. बाजूला लिहा : वळवले नाही. सही करा.' मी म्हटले, 'माझी नोकरी जाईल.' त्या म्हणाल्या, 'कोरी चौकट दिसली असती, तर मी आल्याबरोबर आधी या खाटेकडे धावले असते. तुम्ही ती भरून मला दुसरीकडे पाठवत होता.'

"आजींच्या माकडहाडावर व्रण झालाच. तो भरायला सात आठवडे लागले. माझी नोकरी गेली नाही. पण त्या सात आठवड्यांत रोज मलमपट्टीला मी उभी राहत होते आणि आजी मला 'पोरी, दमलीस का' असे विचारत होत्या. म्हणून मुलींनो, तुम्ही ज्या ज्या रात्री 'वळवले नाही, माणसे नव्हती' असे लिहून ठेवलेत, त्या प्रत्येक रात्रीसाठी मी तुमचे आभार मानते. त्या नोंदी एकत्र करूनच आपण रात्रपाळीला दुसरी परिचारिका मागितली आणि ती मिळाली. भरलेल्या चौकटी दाखवून ती कोणी दिली नसती."

दुपारच्या पाळीच्या एका तरुण परिचारिकेने मान खाली घातली. तिच्याकडे न पाहता बाई पुढे बोलू लागल्या.

"तिसरे ऋण सर्वांत लहान माणसाचे आहे. आमच्या काळी रुग्णाची पाठ स्पिरिट आणि पावडर लावून चोळायची पद्धत होती. जागा जितकी लाल, तितके अधिक चोळायचे. खाली रबराची हवा भरलेली कडी ठेवायची. मी हे वर्षानुवर्षे केले, इतरांकडून करवून घेतले आणि जी करीत नसे तिला आळशी म्हटले. २००८ साली शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्यापाशी आली. हात मागे बांधून म्हणाली, 'बाई, रागावणार नसाल तर एक विचारू? जेथे आधीच रक्त पोहोचत नाही, तेथे चोळले तर आतल्या वाहिन्या आणखी तुटणार नाहीत का? आणि कडीने मधली जागा मोकळी राहते खरी, पण भोवतालचा दाब वाढतो ना?' मी रागावले. खोटे कशाला बोलू? तिला दिवसभर कपाटे लावायला बसवले. संध्याकाळी मात्र तिच्या शिक्षिकांकडून नवे पुस्तक मागून घेतले. त्यात तिने विचारले तेच छापलेले होते : लाल झालेली जागा चोळू नये, कडी वापरू नये. दुसऱ्या दिवशी मी कपाटातल्या चारही कड्या जमा करून भांडारात परत पाठवल्या. तिची क्षमा मात्र मागितली नाही. उद्यापासून या कक्षाच्या परिसेविका तीच आहेत. आज सर्वांसमोर मागते."

नव्या परिसेविका उठून उभ्या राहिल्या, पण त्यांना बोलवेना.

"नऊ नंबरचे ते शेतकरी सत्तेचाळीस दिवस आपल्याकडे होते. दिवसाला बारा, म्हणजे पाचशे चौसष्ट वेळा त्यांना वळवायचे होते. तक्त्यात अकरा ठिकाणी 'वळवले नाही' असे लिहिलेले आहे. उरलेले पाचशे त्रेपन्न वेळा तुम्ही वळवलेत. ते चाकांच्या खुर्चीवर बसून घरी गेले तेव्हा पाठ धड होती. प्रत्येक वेळी असे झाले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. घरीच महिनामहिना खाटेवर पडून, अंगावर मांस उरलेले नाही आणि हाडापर्यंत व्रण गेले आहेत, अशी माणसेही आपल्याकडे आली. त्यातली काही आपल्या हातून बरी झाली नाहीत. तीही माझ्या ध्यानात आहेत."

बाईंनी कागदाची घडी केली. आणखी काही बोलावे असे त्यांच्या मनात असावे. पण एवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले. चहाचे कप नुकतेच हातोहाती फिरू लागले होते. मागच्या बाकावरचे मामा कप खाली ठेवून उठले. मावशी उठल्या. तरुण परिचारिका उठली आणि त्यांच्या पाठोपाठ नव्या परिसेविका आत गेल्या. सवयीने बाईही गळ्यातला हार काढून दोन पावले पुढे गेल्या. मग दाराशीच थांबल्या.

"आता उजवी ना?" त्यांनी बाहेरूनच विचारले.

"होय बाई, उजवी," आतून उत्तर आले, आणि मग मोजण्याचा आवाज, "एक, दोन..."