स्क्रू गेज : शून्य त्रुटीचे चिन्ह

प्रात्यक्षिक वहीत लघुत्तम माप मुले सहसा बरोबर लिहितात. घोळ होतो तो शून्य त्रुटीच्या चिन्हात. एक उदाहरण पाहू.

पिच 1 मिमी आणि वर्तुळाकार पट्टीवर 100 भाग, म्हणून लघुत्तम माप 0.01 मिमी. मधे काही न ठेवता स्क्रू पूर्ण मिटवला, तर संदर्भरेषेवर 97 वा भाग आला. म्हणजे शून्य रेषा ओलांडून 3 भाग पुढे गेले. त्रुटी झाली −0.03 मिमी.

आता तारेचे वाचन 1.24 मिमी आले.

शुद्ध व्यास = 1.24 − (−0.03) = 1.27 मिमी

चिन्ह विसरून 0.03 वजा केले की 1.21 येतात, आणि तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 9 टक्के कमी भरते. व्हर्निअर कॅलिपरलाही हाच नियम आहे: त्रुटी चिन्हासकट वजा करायची. म्हणून वही तपासताना मिटवलेल्या स्थितीतले वाचन लिहिलंय का, ते आधी बघा.