थकलेले कर्ज सगळेच बुडते का?

बँकेत आम्हाला हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. उत्तर असे, की सगळे बुडत नाही. अपेक्षित तोटा काढताना तीन गोष्टींचा गुणाकार करावा लागतो : कर्ज थकण्याची शक्यता, थकेल त्या वेळची व्याजासह येणे बाकी आणि वसुलीनंतरही बुडणारा हिस्सा.

समजा, जळगाव जिल्ह्यात केळी लावणाऱ्या १० शेतकऱ्यांकडे प्रत्येकी १ लाख रुपये येणे आहे. थकण्याची शक्यता ५ टक्के व बुडणारा हिस्सा ६० टक्के धरू.

१०,००,००० × ०.०५ × ०.६० = ३०,००० रुपये.

धुळ्यात सोनेतारणावर तेवढेच येणे आहे आणि शक्यताही तेवढीच आहे. पण दागिना विकून बहुतेक रक्कम वसूल होते, म्हणून बुडणारा हिस्सा १० टक्के धरू. तेथे तोटा फक्त ५,००० रुपये. दोन्ही मिळून २० लाखांवर ३५,००० रुपयांची तरतूद झाली.

मात्र ही सरासरी आहे, हे विसरू नये. रावेर-यावलकडे वादळात केळी आडवी झाली, तर शेतकरी एकेकटे थकत नाहीत. १० पैकी ५ थकले, तरी ३ लाख रुपये बुडतात. तेव्हा ही तरतूद पुरत नाही, उरलेला भार भांडवलावर येतो. म्हणून बेरीज केल्यावर, किती कर्जे एकाच संकटात सापडतील, हेही मोजावे.