परदेशी तज्ज्ञास परिषदेचे निमंत्रणपत्र : व्हिसासाठी आवश्यक मजकूर

सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्याचा टापू होय. नागपूर येथे १९८५ साली लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये लिंबूवर्गीय फळबागांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषदही त्याच शहरी भरली. अशा परिषदांसाठी येणाऱ्या परदेशी तज्ज्ञांना सौंसरच्या बागा दाखवाव्यात, किंवा एखादी लहान परिषद सौंसर येथेच भरवावी, असा विचार येथील बागायतदार, महाविद्यालये व कृषी अधिकारी यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पाहुण्यास जे पत्र धाडावयाचे, त्याचा विचार या लेखात केला आहे.

हे पत्र दोन व्यक्ती वाचतात. पहिला वाचक म्हणजे स्वतः तज्ज्ञ. दुसरा वाचक म्हणजे व्हिसा देणारा भारतीय अधिकारी. या अधिकाऱ्याने सौंसर पाहिलेले नसते, संयोजकांना तो ओळखत नसतो आणि संत्र्याचा त्याचा अभ्यास नसतो. त्याच्यासमोर केवळ कागद असतात. ही व्यक्ती कशासाठी येत आहे, कोठे व किती दिवस राहणार आहे, आणि तिचा खर्च कोण करणार आहे, हे प्रश्न त्याला पडतात. त्यांची उत्तरे पत्रात नसतील, तर आदराचे कितीही शब्द घातले तरी अर्ज अडतो.

पत्रापूर्वीची मान्यता

परिषदेसाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीस परिषद व्हिसा घ्यावा लागतो. संगणकावरून अर्ज करून मिळणारा ई-परिषद व्हिसा ३० दिवसांच्या मुदतीचा व एकाच प्रवेशाचा असतो. त्याच्या अर्जासोबत संयोजकांचे निमंत्रणपत्र, परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मान्यता आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रमास मान्यता मागितली जाते. या दोन्ही मान्यता तज्ज्ञाने नव्हे, तर संयोजकांनी मिळवावयाच्या असतात. म्हणून व्हिसासाठीचे पत्र त्या हाती आल्यावरच लिहावे आणि त्यांचे क्रमांक व दिनांक पत्रात नमूद करावेत. तज्ज्ञाची संमती विचारण्याचे पहिले पत्र वेगळे. ते आधी व साधेपणाने लिहिता येते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो मान्यतेतील व पत्रातील मजकूर न जुळल्याने. मान्यता मागताना स्थळ नागपूर लिहिले आणि नंतर सभागृह न मिळाल्यामुळे परिषद सौंसर येथे आणली, तर पत्रात सौंसर आणि मान्यतेत नागपूर असे होते. ६०-६५ किलोमीटरांचे हे अंतर आपल्याला किरकोळ वाटते; अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र ज्या कार्यक्रमास मान्यता दिली तो हा नव्हे. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. २०२३ पर्यंत सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात होते; त्या वर्षी पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. जुन्या पत्रशीर्षावर छिंदवाडा छापलेले असल्यास ते आधी दुरुस्त करावे.

एक उदाहरण

असे समजू की, संत्र्यावरील डिंक्या रोगाविषयी सौंसर येथील एका महाविद्यालयात २० ते २२ नोव्हेंबर अशी तीन दिवसांची परिषद भरावयाची आहे. २३ व २४ तारखेस बागांची पाहणी आहे. एक परदेशी वनस्पतीरोगतज्ज्ञ १८ तारखेस नागपूर विमानतळावर उतरून २५ तारखेस परत जाणार आहेत. पत्र इंग्रजीत धाडावे लागेल. त्याचा आशय पुढीलप्रमाणे असावा :

> "आपणांस (पारपत्रावरील पूर्ण नाव, जन्मदिनांक, राष्ट्रीयत्व, पारपत्र क्रमांक) 'संत्र्यावरील डिंक्या रोग व त्याचे नियंत्रण' या परिषदेत निबंध वाचण्यासाठी निमंत्रित करण्यात येत आहे. परिषद दिनांक २० ते २२ नोव्हेंबर रोजी (महाविद्यालयाचे नाव), सौंसर, जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश येथे होईल. दिनांक २३ व २४ रोजी सौंसर तालुक्यातील संत्राबागांची पाहणी हा परिषदेच्या कार्यक्रमाचाच भाग असून कार्यक्रमपत्रिका सोबत जोडली आहे. आपले वास्तव्य दिनांक १८ ते २५ नोव्हेंबर, एकूण आठ दिवस, राहील. भारतातील निवास, भोजन व प्रवासाचा खर्च संयोजक करतील. येण्याजाण्याचे विमानभाडे व आरोग्यविमा यांचा खर्च आपली संस्था करील. तिचे पत्र अर्जास जोडावे. या भेटीसाठी कोणतेही वेतन दिले जाणार नाही. परराष्ट्र व गृह मंत्रालयांच्या मान्यतांचे क्रमांक व दिनांक : ..."

यातील काही शब्द जाणीवपूर्वक निवडले आहेत. 'निबंध वाचण्यासाठी' हा हेतू स्पष्ट आहे. त्याऐवजी 'बागायतदारांना मार्गदर्शन व प्रशिक्षण देण्यासाठी' असे लिहिले, तर पाहुणे परिषदेस येत आहेत की कामावर, असा प्रश्न उभा राहतो आणि वेगळ्या प्रकारच्या व्हिसाची विचारणा होऊ शकते. 'विचारविनिमयासाठी' हा शब्द तर काहीच सांगत नाही. बागांची पाहणी कार्यक्रमपत्रिकेत दिनांकासह यावी, अन्यथा परिषद संपल्यावरचे दोन दिवस कशासाठी, हे अनुत्तरित राहते.

दिवस मोजताना येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरावेत. १८ ते २५ हे आठ दिवस होतात, रात्री मात्र सात. निवासाच्या आरक्षणात सात रात्री व पत्रात आठ दिवस असले तरी विसंगती नाही. कारण दोन्हीकडे तारखा दिलेल्या आहेत. म्हणून नुसती दिवसांची संख्या कधीच लिहू नये.

खर्चाच्या बाबतीत 'सर्व व्यवस्था केली जाईल' हे वाक्य टाळावे. व्यवस्था करणे निराळे आणि पैसे भरणे निराळे. विमानभाडे, निवास, भोजन, स्थानिक प्रवास व विमा या पाचही बाबींपुढे कोण भरणार, ते लिहावे. एखादी बाब पाहुण्यांनी स्वतः भरावयाची असेल तर तेही स्पष्ट लिहावे. त्यात संकोच मानू नये.

नमुने व निवास

रोगाचा अभ्यासक बागेत आला की, रोगट सालीचा तुकडा किंवा मुळांजवळची माती सोबत न्यावी, असे त्याला वाटणारच. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार परदेशी नागरिकास संशोधनासाठी येथील जैविक संसाधने घेण्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. मातीतील सूक्ष्मजीवही त्यात येतात. परिषद व्हिसा म्हणजे ही परवानगी नव्हे. म्हणून 'पाहणीत कोणतेही नमुने गोळा केले जाणार नाहीत' हे वाक्य पत्रात घालावे आणि बागमालकासही आधी सांगून ठेवावे.

निवासाचा पत्ता पूर्ण द्यावा. पाहुणे हॉटेलऐवजी एखाद्या बागायतदाराच्या घरी उतरणार असतील, तर त्यांच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे देण्याची जबाबदारी त्या घरमालकावर येते. याची कल्पना त्याला पाहुणे दारात येण्यापूर्वी असावी.

पत्र संस्थेच्या शीर्षपत्रावर असावे. खाली स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव, पद आणि प्रत्यक्ष उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक द्यावा. कारण शंका आल्यास अधिकारी त्यावर चौकशी करू शकतो. धाडण्यापूर्वी पत्र, कार्यक्रमपत्रिका व दोन्ही मान्यता शेजारी ठेवून परिषदेचे नाव, स्थळ आणि तारखा अक्षरशः ताडून पाहाव्यात, आणि पाहुण्यांचे नाव त्यांच्या पारपत्रावरून एकेक अक्षर करून तपासावे.