लॉक-इन संपले म्हणजे सुटलास, असे नव्हे

सातारा, दि. ३ जून २०२५

चि. ओंकार यास,


पुण्यातल्या खोलीच्या भाडेकराराचा स्क्रीनशॉट आणि त्यावरून तू केलेली यादी, दोन्ही नीट पाहिली. भाडे २२,०००, डिपॉझिट ६६,०००, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना. आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्यापुढे तारखा नाहीत. रिमाइंडर लावायचा तो तारखेला.

फोनने फोटोतला मजकूर उचलताना १ चा ७ होतो, एखादे शून्य गळते. म्हणून प्रत्येक रक्कम करारात अक्षरी लिहिलेल्या रकमेशी ताडून बघ. तारखा काढताना कराराची सुरुवात कधी ते आधी पाहा. तुझा करार १ जूनपासून अकरा महिन्यांचा, म्हणजे ३० एप्रिल २०२६ पर्यंत. लॉक-इन संपते ३० नोव्हेंबरला.

आता कलमातले शब्द वाच. ‘लॉक-इन पूर्ण झाल्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन’ करार संपवता येईल, असे त्यात आहे. म्हणजे नोटीस द्यायची लवकरात लवकर तारीख १ डिसेंबर, आणि खोली सोडायची ३१ डिसेंबर. तू १ डिसेंबरला मोकळा होशील असे धरले आहेस, तिथे एका महिन्याचे २२,००० रुपये जादा जातील. नोव्हेंबरअखेर निघायचे असेल, तर लॉक-इन चालू असताना नोटीस दिलेली चालेल का, हे मालकांना आत्ताच विचार आणि त्यांचे उत्तर लेखी घे.

‘लेखी’ म्हणजे फोनवर सांगणे नव्हे. ईमेल किंवा व्हॉट्सअॅप चालते का, हे दुसऱ्या एखाद्या कलमात असते. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये ‘कलम ९ च्या अधीन’ असे आहे आणि कलम ९ चे पान नाही. ते मागवून घे; त्यातले वाचल्याशिवाय यादी पुरी झाली असे समजू नकोस.

यादी अशी कर: दर महिन्याच्या ३ तारखेला भाडे (मुदत ५ ची), १ डिसेंबरला नोटीस द्यायची की नाही याचा निर्णय, १५ मार्चला करार वाढवायचा का याची विचारणा, ३० एप्रिलला ताबा आणि डिपॉझिट. प्रत्येक नोंदीखाली कलमातले मूळ वाक्य जसेच्या तसे चिकटव. डिपॉझिट कधी परत मिळणार आणि त्यातून काय कापणार, हेही तिथेच लिही. आज खोलीचे, नळांचे, भिंतींचे फोटो काढून ठेव. परत करताना वाद झाला तर तेच उपयोगी पडतात.

३० एप्रिलची नोंद मात्र चुकवू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही लिव्ह अँड लायसन्सची जागा सोडली नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

कलम ९ चे पान आले की मला पाठव.

तुझा,
मामा