शॉर्टलिस्ट झाली, पण एक विषय राहिला आहे

प्रश्न : मी मूर्तिजापूरहून रोज रेल्वेने बडनेऱ्याला कॉलेजला जाते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीच्या फॉर्ममध्ये मी बॅकलॉग शून्य लिहिला. त्यानंतर सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि कंपायलर डिझाइन राहिला. आता माझं नाव शॉर्टलिस्टमध्ये आहे. बारावीलाही ६१ टक्केच आहेत, तेव्हा बाबा आजारी होते. हे सगळं एचआरला मेलवर कळवू का? मैत्रिणी म्हणतात, गप्प बस.

उत्तर : बॅकलॉगचं कळवा, बारावीचं कळवू नका. दोन्ही गोष्टी मार्कांच्याच असल्या तरी कंपनीच्या लेखी त्या अगदी वेगळ्या आहेत.

बारावीचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. कंपनीची अट बहुधा ६० टक्क्यांची असेल. तुमचे ६१ आहेत आणि फॉर्ममध्ये तुम्ही ते खरेच लिहिले आहेत. अट पूर्ण झाली की तो विषय संपला. बाबांच्या आजारपणाचं मेलमध्ये लिहिलंत, तर ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं होईल. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. हेच मार्क ५९.६ असते, तर मात्र ते ६० धरून चालले नसते. सीजीपीएचंही तसंच आहे. टक्केवारी काढायची ती आपल्या विद्यापीठाच्या सूत्राने. ९.५ ने गुणायची पद्धत सीबीएसईच्या दहावीची होती. ती इथे लावली तर आकडा फुगू शकतो आणि पडताळणीत उघडा पडतो.

आता कंपायलर डिझाइन. फॉर्म भरला त्या दिवशी तुमचं शून्य खरं होतं, निकाल लागला त्या दिवसापासून ते खरं राहिलं नाही. गप्प बसायचा सल्ला इथेच महागात पडतो. ऑफर मिळाल्यावर, कधी रुजू झाल्यावरही, कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेतात. तेव्हा प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका फॉर्मशी ताडून पाहिली जाते. नापास होणं त्यांना नवीन नाही; चुकीची माहिती दिली हा शेरा मात्र ऑफर रद्द करायला पुरेसा होतो. फॉर्मच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीवर तुम्ही टिक केलेलीच असते.

पण थेट एचआरला मेल टाकू नका. आधी टीपीओ सरांना भेटा. कंपनीकडे गेलेल्या यादीतही तुमच्या नावापुढे शून्यच असेल, म्हणजे दुरुस्ती दोन्हीकडे हवी. कंपनीची अट नेमकी काय, हेही त्यांनाच ठाऊक असतं. काही ठिकाणी एकही चालू बॅकलॉग चालत नाही, काही ठिकाणी रुजू होईपर्यंत सुटला तर चालतो. पूर्वी राहून नंतर सुटलेले विषयही विचारले आहेत का, ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. त्यांची संमती घेऊन, त्यांना सीसीत ठेवून मेल पाठवा. इंग्रजी साधीच ठेवा. मजकूर साधारण असा :

*“फॉर्म भरताना माझा चालू बॅकलॉग शून्य होता. त्यानंतर लागलेल्या सहाव्या सेमिस्टरच्या निकालात कंपायलर डिझाइन हा एक विषय राहिला आहे. हिवाळी परीक्षेत मी तो देत आहे. गुणपत्रिका जोडली आहे. माझी नोंद कृपया दुरुस्त करावी आणि पुढील फेरीसाठी मी पात्र आहे का, ते कळवावे.”*

एवढंच. पेपर कडक तपासला, गाडी लेट होती, सगळ्या वर्गाचाच निकाल पडला, यातलं काही नको. ‘नक्की सुटेल’ असंही लिहू नका. परीक्षा देत आहे हे पुरे. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असेल तर तसं एक वाक्य घाला, पण त्याचा निकाल येईपर्यंत विषय राहिलेलाच धरायचा. निकालाची तारीख विद्यापीठाच्या हातात असते, म्हणून तीही अंदाजाने देऊ नका.

उत्तर आलं नाही, तर चार-पाच कामाच्या दिवसांनी टीपीओ सरांकडूनच एकदा विचारणा होऊ द्या. रोज मेल नको. ‘रुजू होण्याआधी सुटला पाहिजे’ असं उत्तर आलं, तर ते मेलवरच घ्या, फोनवरच्या होकारावर विसंबू नका. विषय सुटला की त्याच मेलखाली नवी गुणपत्रिका जोडून पाठवा.

नाव कापलं जाऊ शकतं, हे खरंच आहे. अट कडक असेल तर विनवणीने ती वाकत नाही, कारण एकीला सूट दिली की बाकीच्यांनाही द्यावी लागते. पण तुमचा खुलासा टीपीओंकडे राहील आणि पुढच्या कंपनीच्या यादीत तुमच्या नावापुढे खरी नोंद जाईल.

हा मेल मुलाखतीच्या आधीच गेला पाहिजे. मुलाखतीनंतर पाठवलात, तर निवड होईपर्यंत लपवून ठेवलं असंच दिसेल. उद्या कॉलेजला पोहोचल्या पोहोचल्या गुणपत्रिकेची प्रत घेऊन टीपीओ सरांना गाठा.