सुकन्येचे चुकलेले वर्ष

सुकन्या समृद्धी खात्यात वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष, 1 एप्रिल ते 31 मार्च. खाते ऑगस्टमध्ये उघडले म्हणून वर्ष ऑगस्टपासून मोजले जात नाही. प्रत्येक आर्थिक वर्षात किमान 250 रुपये जमा झालेच पाहिजेत आणि दीड लाखाच्या वर भरता येत नाहीत. योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा किमान रक्कम 1,000 रुपये होती. जुलै 2018 मध्ये ती 250 वर आली, पण जुन्या खातेदारांच्या डोक्यात अजून हजाराचाच आकडा बसलेला असतो. खाते उघडल्यापासून 15 वर्षे पैसे भरायचे असतात आणि 21 वर्षांनी खात्याची मुदत संपते.

किमान रक्कम भरली गेली की नाही हे पासबुकातल्या जमेच्या तारखेवरून ठरते, खिडकीवर पैसे दिल्याच्या तारखेवरून नव्हे. रोख भरली तर या दोन तारखा एकच असतात. चेक दिला तर मात्र तो ज्या दिवशी वटतो तो दिवस जमेचा धरला जातो. मार्चअखेरच्या गर्दीत हा फरक महागात पडतो, आणि खिडकीवर तो कोणी आपणहून सांगत नाही.

पुण्याच्या पेठांमधल्या एका पोस्टात प्रस्तुत लेखिकेच्या मुलीचे खाते आहे. 2022-23 या वर्षासाठी तिथे 29 मार्च 2023 रोजी 12,000 रुपयांचा चेक दिला गेला. ‘या वर्षात जमा होईल ना?’ असे विचारल्यावर खिडकीपलीकडून ‘होऊन जाईल’ असे उत्तर आले आणि स्लिपच्या तुकड्यावर त्याच दिवसाचा गोल शिक्का पडला. 30 तारखेला रामनवमी होती. 1 एप्रिलला बँकांचे व्यवहार वार्षिक हिशेबासाठी बंद, 2 एप्रिलला रविवार. चेक वटला 3 एप्रिलला. पासबुक छापून आले तेव्हा मार्चच्या रकान्यात व्याजाची ओळ होती, 12,000 ची ओळ त्याच्या खाली, नव्या वर्षात. 2022-23 मध्ये जमेची एकही नोंद नव्हती. शिक्का मारलेली स्लिप दाखवल्यावर कारकुनाने ती हातातही घेतली नाही. ‘मॅडम, वर्ष तुम्ही चुकवलंय. आता या खात्याला साध्या बचत खात्याचं व्याज मिळणार,’ असे तो मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. चेक वेळेत घेतला गेला होता, प्रश्न वेळेत विचारला गेला होता आणि उत्तर पोस्टानेच दिले होते. त्यातले काहीही त्याला ऐकायचे नव्हते.

त्याने सांगितलेला नियम त्या दिवशी अस्तित्वात नव्हता, आणि इथेच खातेदाराला खरी माहिती असणे गरजेचे आहे. सुरुवातीच्या नियमांत अशी तरतूद जरूर होती की, थकलेले खाते मुदतीत नियमित केले नाही तर सगळ्या शिलकीवर पोस्टाच्या बचत खात्याचा 4 टक्के दर लागेल. डिसेंबर 2019 च्या नव्या नियमांनी ती बदलली. आता वर्ष चुकलेल्या खात्यालाही मुदत संपेपर्यंत योजनेचाच दर मिळतो. 2 लाखांच्या शिलकीवर 8 टक्क्यांनी वर्षाचे 16,000 होतात आणि 4 टक्क्यांनी 8,000. एवढ्या रकमेची भीती एका चुकीच्या वाक्यातून घातली गेली. घरी आल्यावर त्या वाक्यावरून किती बोलणी झाली, ते सांगण्याची ही जागा नाही.

चुकलेल्या वर्षाचा खरा दंड 50 रुपये आहे. त्या वर्षाची किमान रक्कम 250 आणि दंड 50, असे 300 रुपये भरले की ते वर्ष नियमित होते. तीन वर्षे चुकली असतील तर 900 रुपये, शिवाय चालू वर्षाचे किमान 250 वेगळे. खाते उघडल्यापासून 15 वर्षांच्या आत हे केव्हाही करता येते. दंडाचे पैसे मुलीच्या खात्यात जात नाहीत, म्हणून 300 भरल्यावर शिलकीत 250 चीच वाढ दिसते. हिशेब चुकला असे समजून त्यावरून वाद घालू नये. मागून भरलेल्या 250 वर मागचे व्याजही मिळत नाही. ते भरलेल्या महिन्यापासून नेहमीप्रमाणे धरले जातात.

व्याज दर महिन्याला मोजतात, पण खात्यात वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या शेवटी जमा करतात. महिन्याच्या 5 तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात असलेली सर्वांत कमी शिलक त्या महिन्यासाठी धरली जाते. म्हणून 5 एप्रिलपर्यंत जमा झालेले दीड लाख एप्रिलचे व्याज मिळवतात आणि 6 एप्रिलला जमा झालेले मिळवत नाहीत. 8.2 टक्के दराने हा एक महिना 1,025 रुपयांचा आहे, म्हणजे एका चुकलेल्या वर्षाच्या दंडाच्या वीसपटीहून जास्त. दंडाला घाबरणाऱ्या पालकांनी आधी या पाच तारखेकडे पाहावे.

व्याजाची ओळ घरी तपासता येते. वरच्या खात्यात मार्च 2023 अखेर व्याजासह सुमारे 2 लाख होते. 3 एप्रिलचे 12,000 पाच तारखेच्या आत आल्याने एप्रिलपासूनच 2,12,000 धरले गेले. त्या वर्षी डिसेंबरपर्यंत दर 8 टक्के होता. नऊ महिन्यांचे व्याज 12,720. जानेवारी 2024 पासून दर 8.2 झाला; तीन महिन्यांचे 4,346. एकूण 17,066, आणि चुकलेल्या वर्षासाठी दहा एप्रिलच्या सुमारास भरलेल्या 250 चे थोडे वर. बचत खात्याच्या दराने ही रक्कम साडेआठ हजारांच्या आसपास राहिली असती. मार्च 2024 ची छापील ओळ 17,000 च्या वर होती. त्या कारकुनाचे म्हणणे तिथेच खोटे ठरले. चूक झाली, असे मात्र पोस्टातले कोणी अजून म्हणालेले नाही.

पुढच्यांसाठी काही गोष्टी. मार्चच्या मधल्या आठवड्यानंतर चेक देऊ नये. 250 रुपये रोख भरून त्याच दिवशी नोंद छापून घ्यावी; मोठी रक्कम एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरावी. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या अॅपवरूनही भरता येते, पण तीही रक्कम खात्यात उतरली का ते पाहावे. एप्रिलमध्ये पासबुक छापून आणावे आणि जमेची तारीख, व्याजाची ओळ अशा दोनच गोष्टी आधी वाचाव्यात. कागद जपून ठेवावेत. खिडकीवर कोणी नियम सांगितला तर तो लेखी मागावा. लेखी मागितल्यावर पुष्कळ नियम मागे घेतले जातात. तक्रार करायची तर पोस्टमास्तरांकडे लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

भरण्याची 15 वर्षे पूर्ण झाल्यानंतर रक्कम भरायची नसते, म्हणून दंडही लागत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये उघडलेल्या खात्यात ऑगस्ट 2031 नंतर पासबुकात फक्त व्याजाच्या ओळी येतील आणि ऑगस्ट 2037 मध्ये खात्याची मुदत संपेल. त्या सहा वर्षांत कोणी थकबाकी मागितली तर ती देऊ नये.